आकार तोच, अक्षर वेगळे

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या अनेक स्त्रियांना पुढे पाच वर्षे, कधी दहा वर्षेही, टॅमोक्सिफेन नावाची गोळी रोज घ्यावी लागते. ज्यांच्या गाठीला इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे बळ मिळते, त्यांच्यासाठी हे औषध आहे. त्याचे पूर्ण रासायनिक नाव पाहिले, तर त्यात कंसात Z हे अक्षर दिसते. 1960 च्या दशकातले शोधनिबंध उघडले, तर तिथे याच औषधाला ‘ट्रान्स’ म्हटलेले आढळते. बारावीत किंवा बी.एस्सी.ला रसायनशास्त्र शिकलेला वाचक इथे अडखळतो. ट्रान्स म्हणजे विरुद्ध बाजूंना, हे त्याला पाठ असते. E म्हणजे विरुद्ध बाजूंना आणि Z म्हणजे एका बाजूला, हेही पाठ असते. मग ट्रान्स टॅमोक्सिफेन E असायला हवे, ते Z कसे?

दोन्ही नावे बरोबर आहेत. छापण्यात चूक नाही आणि कोणी रेणू उलटा काढलेला नाही. ही दोन नावे एकाच रेणूला दोन वेगळे प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरेही वेगळी येतात. ते प्रश्न कोणते, हे नीट कळण्यासाठी टॅमोक्सिफेनइतके चांगले उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही, म्हणून हा लेख त्याच्याभोवतीच लिहितो आहे.

आधी मूळ गोष्ट. दोन कार्बन अणू एकेरी बंधाने जोडलेले असतील, तर ते त्या बंधाभोवती सहज फिरत राहतात. बंध दुहेरी झाला की ते फिरणे थांबते, कारण फिरवायचे तर दुसरा बंध तोडावा लागतो आणि नेहमीच्या तापमानाला तेवढी ऊर्जा रेणूकडे नसते. त्यामुळे दुहेरी बंधाच्या दोन्ही टोकांना जोडलेले गट आपापल्या जागी पक्के राहतात. एका टोकाचा गट दुसऱ्या टोकाच्या गटाच्या बाजूला आहे की समोरच्या बाजूला, यावरून दोन वेगळे पदार्थ तयार होतात. त्यांच्यातले अणू तेच, कोण कोणाला जोडलेले तेही तेच, फरक फक्त बाजूचा. असे दोन पदार्थ का असू शकतात, याचे भूमितीय स्पष्टीकरण डच शास्त्रज्ञ व्हान्ट हॉफ यांनी 1874 साली मांडले.

मॅलेइक आम्ल आणि फ्युमॅरिक आम्ल ही यातली सर्वांत जुनी जोडी. दोन्हींमध्ये दुहेरी बंधाच्या प्रत्येक कार्बनवर एक आम्लगट आणि एक हायड्रोजन असतो. मॅलेइकमध्ये दोन्ही आम्लगट एकाच बाजूला असतात, तो सिस. फ्युमॅरिकमध्ये ते समोरासमोरच्या बाजूंना असतात, तो ट्रान्स. एवढ्याशा फरकामुळे मॅलेइक आम्ल पाण्यात भरपूर विरघळते, तर फ्युमॅरिक एका लिटर पाण्यात जेमतेम सहा-सात ग्रॅम विरघळते. सर्दीच्या गोळीवर ‘क्लोरफेनिरामिन मॅलिएट’ आणि लोहाच्या गोळीवर ‘फेरस फ्युमरेट’ असे लिहिलेले असते, ते याच दोन आम्लांचे क्षार.

इथे सिस-ट्रान्स ही नावे चपखल बसतात. त्याचे कारण असे की दोन्ही टोकांना एकसारखा गट आहे. आम्लगटाच्या बाजूला आम्लगट आहे का, एवढेच पाहायचे असते. प्रश्न एकच आणि तो सर्वांसाठी सारखा.

आता दोन्ही टोकांना चार निरनिराळे गट असलेला रेणू घ्या. एका कार्बनवर ब्रोमिन आणि फ्लुओरिन, दुसऱ्यावर क्लोरिन आणि हायड्रोजन. हा सिस की ट्रान्स? ब्रोमिन आणि क्लोरिनची जोडी धरली तर एक उत्तर येते, फ्लुओरिन आणि क्लोरिनची धरली तर नेमके उलटे. कोणती जोडी धरायची हे सिस-ट्रान्सची पद्धत सांगत नाही. लिहिणारा आपल्या सोयीने एक जोडी निवडतो, आणि वाचणाऱ्याने तीच निवडली असेल याचा काही भरवसा नसतो. लाखो संयुगांची सूची ठेवणाऱ्यांना ही अडचण सर्वांत जास्त छळत होती. म्हणूनच अमेरिकेतल्या ‘केमिकल अ‍ॅब्स्ट्रॅक्ट्स सर्व्हिस’ या संस्थेतल्या मंडळींनी 1968 साली E आणि Z ही पद्धत सुचवली. Z हे ‘त्सुझामेन’ आणि E हे ‘एन्टगेगेन’ या जर्मन शब्दांचे आद्याक्षर. पहिल्याचा अर्थ एकत्र, दुसऱ्याचा विरुद्ध.

या पद्धतीचे खरे बळ अक्षरांत नाही, त्यामागच्या अग्रक्रमाच्या नियमांत आहे, आणि ते नियम त्या वेळी तयारच होते. काह्न, इंगोल्ड आणि प्रेलॉग या तिघांनी ते दुसऱ्याच कामासाठी, म्हणजे चार वेगळे गट असलेल्या कार्बनच्या उजव्या-डाव्या रूपांना नावे देण्यासाठी बनवले होते आणि 1966 साली त्यांची सविस्तर मांडणी केली होती. दुहेरी बंधाला ते जसेच्या तसे लागू पडतात. करायचे एवढेच की दुहेरी बंधाचे प्रत्येक टोक स्वतंत्रपणे घ्यायचे आणि त्यावरच्या दोन गटांपैकी वरचढ कोण ते ठरवायचे. मग दोन्ही टोकांचे वरचढ गट एका बाजूला असतील तर Z, विरुद्ध बाजूंना असतील तर E. तुलना होते ती फक्त एकाच कार्बनवरच्या दोघांत. डावीकडचा गट उजवीकडच्या गटापेक्षा मोठा आहे का, हा प्रश्न इथे कधीच विचारायचा नाही. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत बऱ्याच चुका नेमक्या इथेच होतात.

वरचढ ठरवण्याचा पहिला नियम सोपा आहे. दुहेरी बंधाच्या कार्बनला थेट चिकटलेला अणू पाहायचा. ज्याचा अणुक्रमांक मोठा, तो वरचढ. आपल्या उदाहरणात एका टोकाला ब्रोमिनचा क्रमांक 35 आणि फ्लुओरिनचा 9, म्हणून ब्रोमिन वरचढ. दुसऱ्या टोकाला क्लोरिन 17 आणि हायड्रोजन 1, म्हणून क्लोरिन वरचढ. ब्रोमिन आणि क्लोरिन एका बाजूला असतील तर Z, नसतील तर E. आता कोणती जोडी धरायची याला लिहिणाऱ्याच्या मर्जीची गरज उरली नाही.

खरी कसोटी लागते ती थेट चिकटलेले दोन्ही अणू कार्बनच असतात तेव्हा, आणि औषधांच्या रेणूंत बहुधा तेच घडते. अशा वेळी त्या कार्बनला पुढे काय काय जोडलेले आहे ते पाहायचे, दुहेरी बंधाकडे परत जाणारा बंध वगळून. उरलेले तीन शेजारी अणुक्रमांकाच्या उतरत्या क्रमाने मांडायचे आणि दोन्ही गटांच्या याद्या शेजारी ठेवून पहिल्या जागेपासून ताडत जायचे. पहिला फरक जिथे येईल, तिथे निकाल लागतो. तिथेही फरक नसेल तर आणखी एक पायरी पुढे जायचे. शब्दकोशात शब्द लावतात तसाच हा प्रकार आहे: पहिले वेगळे अक्षर आले की क्रम ठरला, त्यापुढे शब्दात काय आहे याला महत्त्व नाही.

म्हणून इथे बेरीज कधीही करायची नसते. –CH₂OH हा गट आणि –C(CH₃)₃ हा गट यांत वरचढ कोण? दुसऱ्याचा पसारा मोठा, वजनही जास्त. पण पहिल्याची यादी ऑक्सिजन, हायड्रोजन, हायड्रोजन अशी आहे आणि दुसऱ्याची कार्बन, कार्बन, कार्बन. पहिल्याच जागी ऑक्सिजन आणि कार्बन भिडतात, ऑक्सिजन जिंकतो, आणि –CH₂OH वरचढ ठरतो. पुढचे दोन हायड्रोजन किती क्षुल्लक आहेत, हे पाहायची वेळच येत नाही.

आणखी एक नियम लागेल. गटाच्या आत दुहेरी बंध असेल तर तो दोन वेळा मोजायचा. म्हणजे एका कार्बनने दुसऱ्याला दुहेरी बंधाने धरले असेल, तर त्याच्या यादीत त्या दुसऱ्या कार्बनची एक जास्तीची प्रत लिहायची. ही प्रत कागदावरचीच असते, तिच्यापुढे काही जोडलेले नसते. बेंझिनचे वलय दुहेरी बंधाला टांगलेले असते तेव्हा टांगणीच्या कार्बनला वलयातले दोन खरे शेजारी असतात आणि एक प्रत, म्हणून त्याची यादी कार्बन, कार्बन, कार्बन अशी होते. एवढी तयारी टॅमोक्सिफेनसाठी पुरेशी आहे.

आता एक कागद घ्या. मधोमध शेजारी-शेजारी दोन कार्बन काढा आणि त्यांच्यात दुहेरी बंध. प्रत्येक कार्बनला एक काडी वर, एक काडी खाली. डाव्या कार्बनच्या वरच्या काडीवर एक बेंझिन वलय काढा आणि त्या वलयाच्या पलीकडच्या टोकाला ऑक्सिजन लावा. त्या ऑक्सिजनला दोन कार्बनांची साखळी आणि शेवटी नायट्रोजन जोडा, ज्यावर दोन मिथिल गट आहेत. याला आपण शेपटीचे वलय म्हणू. डाव्या कार्बनच्या खालच्या काडीवर एक साधे वलय, ज्याला काहीही लावलेले नाही. उजव्या कार्बनच्या वरच्या काडीवर दुसरे साधे वलय. आणि खालच्या काडीवर दोन कार्बनांचा लहानसा एथिल गट, –CH₂CH₃. हेच टॅमोक्सिफेन.

आधी उजवे टोक सोडवू, कारण ते सोपे आहे. वलय आणि एथिल, दोन्ही कार्बननेच जोडलेले. वलयाची यादी कार्बन, कार्बन, कार्बन. एथिलची कार्बन, हायड्रोजन, हायड्रोजन. पहिल्या जागी बरोबरी, दुसऱ्या जागी कार्बन हायड्रोजनला हरवतो. वलय वरचढ.

डावे टोक मात्र वेळ घेते. इथे दोन्ही बाजूंना वलयेच आहेत. टांगणीच्या कार्बनची यादी दोन्हीकडे तीन कार्बन, म्हणजे बरोबरी. वलयात एक पाऊल पुढे गेले की दोन्हीकडे येणाऱ्या कार्बनची यादी कार्बन, कार्बन, हायड्रोजन, म्हणजे पुन्हा बरोबरी. आणखी एक पाऊल पुढे, तीच यादी, तीच बरोबरी. मग वलयाच्या पलीकडच्या टोकाचा कार्बन येतो. साध्या वलयात त्याला हायड्रोजन आहे, म्हणून यादी कार्बन, कार्बन, हायड्रोजन. शेपटीच्या वलयात त्याला ऑक्सिजन आहे, म्हणून यादी ऑक्सिजन, कार्बन, कार्बन. निकाल इथे लागतो. शेपटीचे वलय वरचढ. नायट्रोजनपर्यंत जायची गरज पडली नाही, आणि घाईत ‘नायट्रोजन आहे म्हणून’ असे कारण लिहिले तर उत्तर बरोबर येऊनही कारण चुकते.

आता बाजू पाहा. डावीकडचे वरचढ शेपटीचे वलय वर आहे, उजवीकडचे वरचढ साधे वलयही वर आहे. दोघे एका बाजूला, म्हणून Z.

मग जुन्या निबंधांत हाच रेणू ट्रान्स का? कारण तिथे पाहणाऱ्यांची नजर दोन साध्या वलयांवर होती. तुमच्या आकृतीत एक साधे वलय डावीकडे खाली आहे आणि दुसरे उजवीकडे वर. एकसारख्या दोन गटांना एकमेकांच्या तुलनेत पाहायचे, ही मॅलेइक-फ्युमॅरिकपासूनची सवय. त्या सवयीने पाहिले तर हा रेणू ट्रान्स आहे आणि तसे म्हणण्यात काही चूक नाही. सिस-ट्रान्सने ‘एकसारखे गट कुठे आहेत’ असे विचारले, E-Z ने ‘वरचढ गट कुठे आहेत’ असे विचारले. टॅमोक्सिफेनमध्ये डावीकडचा वरचढ गट हे ते साधे वलय नाही, म्हणून उत्तरे उलटी आली. सिस म्हणजे Z आणि ट्रान्स म्हणजे E असे समीकरण काही पाठ्यपुस्तकांतल्या पहिल्या उदाहरणांवरून मनात बसते. त्या उदाहरणांत ते खरे असते, पण नियम म्हणून ते खोटे आहे.

हा वाद नावापुरता नाही, कारण या रेणूची दोन रूपे शरीरात वेगळी वागतात. इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीच्या औषध विभागात डोरा रिचर्डसन यांनी 1962 साली हा रेणू बनवला. तेव्हा शोध गर्भनिरोधकाचा चालू होता. असे रेणू बनवताना दोन्ही रूपांचे मिश्रण हाती येत असे आणि ते वेगळे करणे हेच मोठे काम असे. त्याच कंपनीतल्या हार्पर आणि वॉलपोल यांनी 1966 साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवले की वेगळी केलेली दोन रूपे प्राण्यांवर परस्परविरोधी काम करतात. एक इस्ट्रोजेनला अडवते, दुसरे स्वतःच इस्ट्रोजेनसारखे वागते. अडवणारे रूप म्हणजे आपण कागदावर काढलेले. ब्रिटनमध्ये 1973 साली आणि अमेरिकेत 1977 साली ते कर्करोगावरचे औषध म्हणून मान्य झाले.

अडवणे म्हणजे काय, याचे चित्र 1998 साली क्ष-किरणांनी मिळाले. इस्ट्रोजेन ज्या प्रथिनाला जाऊन चिकटते, त्या प्रथिनाचा टॅमोक्सिफेनच्या एका सक्रिय रूपासह स्फटिक तपासला गेला. औषधाची वलये प्रथिनाच्या खोबणीत बसतात आणि नायट्रोजनवाली शेपटी बाहेर डोकावते. प्रथिनाचा एक तुकडा एरवी खोबणीवर झाकणासारखा बसतो. शेपटी वाटेत आल्याने तो जागेवर बसू शकत नाही आणि पुढचे काम थांबते. शेपटी नेमकी कोणत्या दिशेला जाते, हे तिचे वलय दुहेरी बंधाच्या कोणत्या बाजूला आहे यावर ठरते. म्हणून औषधांच्या मानक ग्रंथांत टॅमोक्सिफेनच्या कच्च्या मालात E रूप अगदी अत्यल्प असावे अशी मर्यादा घातलेली असते. ते तपासण्यासाठी द्रव क्रोमॅटोग्राफी वापरतात, जिच्यात दोन रूपे वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. तीव्र प्रकाशात Z चे काही प्रमाणात E होऊ शकते, म्हणून टॅमोक्सिफेन प्रकाशापासून जपून ठेवायचे असते.

या आकृतीतली एकच जागा बदलून पाहिली की नियमांचा स्वभाव आणखी स्पष्ट होतो. टोरेमिफेन हे टॅमोक्सिफेनचे सख्खे भावंड, तेही स्तनाच्या कर्करोगावरच वापरतात. त्यात उजवीकडच्या खालच्या एथिलच्या शेवटच्या कार्बनवर एक क्लोरिन असतो, म्हणजे गट –CH₂CH₂Cl. क्लोरिनचा अणुक्रमांक 17, वलयात तर फक्त कार्बन आणि हायड्रोजन. मग क्लोरिनवाला गट वरचढ? नाही. वलयाची यादी कार्बन, कार्बन, कार्बन आणि या गटाची कार्बन, हायड्रोजन, हायड्रोजन. दुसऱ्या जागीच निकाल लागला. क्लोरिन एक पायरी मागे उभा आहे, त्याची पाळीच येत नाही. त्यामुळे टोरेमिफेनही Z.

आता तोच क्लोरिन थेट दुहेरी बंधाच्या कार्बनवर आणून ठेवा. एथिल गट काढून टाका आणि उजवीकडे खाली फक्त क्लोरिन लिहा. शेपटीच्या टोकाला दोन मिथिलऐवजी दोन एथिल लावा. हे क्लोमिफेन. अंडाशयातून अंडे वेळेवर बाहेर पडत नसेल तर स्त्रियांना बऱ्याचदा हेच औषध दिले जाते. उजव्या टोकाला आता क्लोरिन आणि वलय आहेत. पहिल्या नियमानेच क्लोरिन वरचढ, यादी करायचीही गरज नाही. डावीकडे शेपटीचे वलय पूर्वीसारखेच वरचढ आणि वर. उजवीकडचा वरचढ क्लोरिन खाली. म्हणून हा रेणू E.

इथे थोडे थांबून दोन्ही आकृत्या शेजारी ठेवा. टॅमोक्सिफेनमध्ये तिन्ही वलये जिथे होती, क्लोमिफेनच्या या रूपातही ती तिथेच आहेत. साधी वलये पूर्वीसारखीच विरुद्ध बाजूंना, शेपटीही त्याच दिशेला. बदलला तो फक्त चौथा गट, आणि Z चे E झाले. या रूपाचे नाव एन्क्लोमिफेन, आणि इस्ट्रोजेनला अडवण्याचे काम मुख्यतः तेच करते, जसे Z टॅमोक्सिफेन करते. क्लोमिफेनच्या दुसऱ्या रूपाचे, झुक्लोमिफेनचे, अक्षर Z आहे, पण त्याचा आकार टॅमोक्सिफेनच्या नको असलेल्या E रूपाशी जुळतो. त्याचे वागणे काहीसे इस्ट्रोजेनसारखे आहे आणि ते शरीरात बराच काळ रेंगाळते. बाजारात मिळणारे क्लोमिफेन या दोहोंचे मिश्रण असते, साधारण साठ टक्के E आणि चाळीस टक्के Z.

म्हणून दोन औषधांची अक्षरे जुळवून ‘दोन्ही Z आहेत, म्हणजे सारखे काम करतील’ असा निष्कर्ष काढता येत नाही. E आणि Z हे रेणूच्या गुणांचे वर्णन नाही. ते आकृती पुन्हा अचूक काढण्यासाठी दिलेला पत्ता आहे, आणि ते काम ते चोख करतात. नाव वाचून जगातला कोणीही रसायनशास्त्रज्ञ तोच रेणू काढू शकतो. आकारांची तुलना करायची असेल तर ती आकृतीवरून करावी लागते, अक्षरावरून नाही. क्लोमिफेनच्या जुन्या लिखाणात सिस आणि ट्रान्स या शब्दांचा वापर एकसारखा नाही, त्यामुळे ते वाचताना लेखकाला नेमके कोणते रूप अभिप्रेत आहे हे आधी ताडून घ्यावे लागते. E-Z मध्ये असा संशय राहत नाही.

मात्र एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी. नियम अचूक असले, तरी खऱ्या बाटलीतल्या पदार्थाची बाजू कोणती हे नियम सांगत नाहीत. ते प्रयोगाने शोधावे लागते. दुहेरी बंधाच्या दोन्ही कार्बनवर एकेक हायड्रोजन असेल तर चुंबकीय अनुनादाच्या आलेखावरून ते पटकन कळते, कारण एकाच बाजूच्या दोन हायड्रोजनांची जोडओढ सुमारे 10 हर्ट्झ असते आणि विरुद्ध बाजूंच्या हायड्रोजनांची सुमारे 16. टॅमोक्सिफेनसारख्या रेणूत त्या कार्बनांवर हायड्रोजनच नाही, त्यामुळे ही सोपी वाट बंद होते. तिथे अवकाशात जवळ असलेल्या गटांमधला परिणाम मोजावा लागतो किंवा स्फटिक बनवून क्ष-किरणांनी थेट रचना पाहावी लागते. आणि एखाद्या कार्बनवरचे दोन्ही गट एकसारखे असतील, तर E-Z चा प्रश्नच उरत नाही, कारण तिथे बाजू बदलून नवा पदार्थ बनत नाही.

एक छोटे काम वाचकासाठी ठेवतो. 2-ब्रोमो-2-ब्युटीन हा चार कार्बनांचा रेणू काढा: डाव्या कार्बनवर ब्रोमिन आणि मिथिल, उजव्यावर मिथिल आणि हायड्रोजन. दोन्ही मिथिल एका बाजूला ठेवा, म्हणजे साखळीच्या हिशेबाने तो सिस होईल. मग अग्रक्रम लावा. डावीकडे ब्रोमिन मिथिलला हरवतो, उजवीकडे मिथिल हायड्रोजनला. तुमच्या कागदावर हा सिस रेणू E निघाला पाहिजे. Z आला, तर डावीकडच्या मिथिलला वरचढ धरले गेले आहे का ते पुन्हा पाहा.